उघड्या मांडवाखाली

(दृश्य: दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबाग, सकाळचे आठ. मांडवाच्या तारांवरून खाली पडणाऱ्या काड्या.)

महिनाभरापूर्वी या बागेत पाऊल टाकले असते तर डोक्यावर पानांचे गर्द छत होते आणि जमिनीवर उन्हाचे फक्त कवडसे पडत होते. आज एप्रिलची खरड छाटणी चालू आहे. माल निघाल्यानंतर जुन्या काड्या एक-दोन डोळे राखून कापल्या जातात आणि मांडवावर ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या मुख्य फांद्या, व तारा एवढेच उरते. ज्या कामाने बागेची सावली जाते, तेच काम करणारी टोळी त्या गेलेल्या सावलीखाली पुढचे चार-पाच तास उभी असते.

(दृश्य: कात्री धरलेले, वर उचललेले हात, बाही कोपरापर्यंत घसरलेली.)

या टोळीत सात जणी आहेत. प्रत्येकीने साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवला आहे, डोक्याला रुमाल घट्ट बांधला आहे आणि त्यावरून पदर घेतला आहे. आपल्या जिल्ह्यात शेतावर जाणाऱ्या बाईचा हा पोशाख इतका सवयीचा झाला आहे की त्याकडे कोणी उन्हापासूनचा संरक्षक पोशाख म्हणून पाहत नाही. आम्ही मात्र तसेच पाहायचे ठरवले, आणि टोळीच्या मुकादम ताईंकडून त्यांचा शर्ट थोडा वेळ मागून घेतला.

(दृश्य: शर्टाच्या खांद्याखाली मोबाईलचा टॉर्च, मग तोच टॉर्च खिशाखाली.)

हा पांढरा सुती शर्ट आहे. खिशापाशी कापड दुहेरी असल्यामुळे टॉर्चचा उजेड जेमतेम जाणवतो. खांद्यावर, जिथे अनेक वर्षांच्या धुण्याने आणि घासण्याने धागे झिजले आहेत, तिथे उजेडाचा गोल स्पष्ट दिसतो आणि धाग्यांमधल्या फटी मोजता येतील इतक्या मोकळ्या झाल्या आहेत. दुपारी ऊन जिथे सर्वात सरळ पडते, तिथेच हा शर्ट सर्वात विरळ झाला आहे.

(दृश्य: मालेगावचा यंत्रमाग, धोट्याची ये-जा, नंतर भिंगाखाली कापड.)

कापड ऊन कसे अडवते हे समजून घ्यायचे तर मागापाशी यावे लागते, आणि माग आपल्याच जिल्ह्यात आहेत. मालेगावच्या या यंत्रमागावर उभ्या ताण्यातून आडवा बाणा सरकतो आणि फणी तो ठोकून घट्ट बसवते. भिंगातून पाहिले की दोन धाग्यांमध्ये उरलेली बारीक चौकोनी खिडकी दिसते. त्या खिडकीतून अतिनील किरण, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे पण त्वचा भाजणारे किरण, न अडखळता आत जातात, म्हणून विणीचा घट्टपणा ही कापड निवडताना पाहायची पहिली गोष्ट आहे. उरलेले किरण धाग्यावर पडतात, आणि तिथे धाग्याचा पदार्थ व त्याचा रंग काम करतात. मागावरून उतरलेल्या कोऱ्या मांजरपाटात कापसाचे नैसर्गिक पिवळसर रंगद्रव्य असते आणि ते काही किरण शोषून घेते. ब्लीच करून कापड शुभ्र केले की हा गुण बराच कमी होतो. पॉलिएस्टरचा धागा मात्र त्याच्या रासायनिक रचनेमुळेच त्वचा भाजणाऱ्या लघु अतिनील किरणांना चांगला शोषतो, आणि गडद रंग बहुतेक वेळा फिक्या रंगापेक्षा अधिक किरण अडवतो.

(दृश्य: नव्या शर्टाच्या गळ्यातील लेबल, जवळून.)

या सगळ्याची एका आकड्यात केलेली मोजणी म्हणजे यूपीएफ, अर्थात कापडाचा अतिनील संरक्षण गुणांक. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी १९९६ साली त्यासाठी पहिले मानक तयार केले, त्याचा क्रमांक एएस/एनझेडएस ४३९९. कापडाचा तुकडा उपकरणात ठेवून त्याच्यावर अतिनील प्रकाश सोडतात, पलीकडे किती पोहोचला ते मोजतात आणि त्वचा अधिक भाजणाऱ्या किरणांना हिशेबात अधिक वजन देतात. गुणांक ५० असेल तर पन्नासातला एक भाग आत येतो. क्रीमवर लिहिलेला एसपीएफ हा वेगळा आकडा आहे, तो माणसाच्या त्वचेवर क्रीम लावून मोजतात. त्यामुळे कपड्याच्या लेबलवर ‘एसपीएफ ५०’ लिहिलेले दिसले, तर त्या विक्रेत्याने कापडाची खरोखर तपासणी करून घेतली आहे का, हे विचारून घ्यावे.

आता हा आकडा या बागेत आणून पाहू. सकाळी आठ ते दुपारी एक, म्हणजे तीनशे मिनिटांचे काम. ऊन दर तासाला बदलते, पण हिशेबापुरते ते सारखे धरू. ज्या पातळ सुती शर्टाचा गुणांक ५ आहे, त्याच्या आतल्या त्वचेला एक तास उघडे बसल्याइतके किरण मिळतात. गुणांक ३० असेल तर दहा मिनिटांइतके, आणि ५० असेल तर सहा मिनिटांइतके. पाचावरून तीसवर जाण्याने पन्नास मिनिटे वाचली, तीसवरून पन्नासवर जाण्याने फक्त चार. आणि मनगटावरून घसरलेल्या बाहीच्या पुढे जो हात उघडा राहिला, त्याला पूर्ण तीनशे मिनिटे मिळाली. म्हणून पन्नासच्या महागड्या लेबलसाठी अडून बसण्यापेक्षा तीसच्या आसपासचे घट्ट विणीचे कापड घ्यावे आणि ते मनगटापर्यंत, गळ्यापर्यंत राहील असे शिवून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य: साडेअकरा. घामाने पाठीला चिकटलेला शर्ट.)

लेबलवरचा आकडा साधारणपणे नव्या, कोरड्या, न ताणलेल्या कापडाचा असतो, आणि इथे साडेअकरा वाजता एकही पाठ कोरडी नाही. पांढरे सुती कापड ओले झाले की आरपार दिसू लागते, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाणी घेते आणि प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ आत शिरतो. अतिनील किरणांच्या बाबतीतही हेच घडते. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा कोरडा असताना सुमारे ७ असलेला गुणांक ओला झाल्यावर ३ च्या आसपास येतो. अंगाला ताणून बसणारा कपडाही असाच मार खातो, कारण ताणाने विणीच्या खिडक्या उघडतात. सैल शर्ट अंगापासून दूर राहतो, त्याच्या आत हवा खेळते, घाम वाळतो आणि कापडही लवकर सुकते. उष्मा आणि ऊन या दोन्हींवर एकाच वेळी उपयोगी पडणारा गुण कुठला असेल तर तो हा सैलपणा.

(दृश्य: नाशिकच्या मेन रोडवरील कापड दुकान, तागे उलगडले जात आहेत.)

मुकादम ताईंसोबत आम्ही मेन रोडवर आलो. पहिला तागा मलमलचा निघाला. हाताला थंड, पण उजेडासमोर धरताच पलीकडची माणसे दिसली, आणि तो बाजूला ठेवला. दुसरा जाड ड्रिलचा होता, त्यातून उजेड अजिबात येत नव्हता, परंतु एप्रिलमध्ये अंगात घालायला तो जड ठरला असता. तिसरा टेरीकॉटचा, मध्यम निळा, शाळेच्या गणवेशात वापरतात त्या पोताचा. त्यात पॉलिएस्टर असल्यामुळे धागा स्वतःच किरण शोषतो आणि कापूस असल्यामुळे घाम अगदीच अडकत नाही. काळा रंग किरण अधिक अडवतो, पण तापतोही अधिक, म्हणून मधला निळा. उजेडासमोर धरून पाहण्याची ही परीक्षा फटींपुरतीच खरी आहे. धागा किती किरण शोषतो हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे या कापडाचा नेमका गुणांक आम्ही सांगणार नाही. मलमल आणि टेरीकॉट यांतून निवड करायला मात्र ती पुरेशी आहे.

(दृश्य: शिलाई मशीन; कफ, कॉलर, खांद्याची दुहेरी पट्टी.)

शिंप्याला चार गोष्टी सांगितल्या. माप एक नंबर सैल. बाही हातापेक्षा तीन बोटे लांब आणि कफला बटण, म्हणजे कात्रीसाठी हात वर गेला तरी मनगट उघडे पडणार नाही. कॉलर उभी करता येईल अशी, कारण पोलक्याचा मागचा गळा खोल असतो. आणि खांद्यावर कापडाचा दुसरा थर.

(दृश्य: तीन टोप्या एका बाकावर: कॅप, विणलेली गवती टोपी, कापडी रुंद काठाची टोपी.)

टोपीचे गणित वेगळे आहे, कारण टोपी सावली पाडते. कॅपने कपाळ झाकते, कान आणि मान उघडी राहते. गवती टोपी रुंद आहे, पण हातावर धरली तर सावलीत उजेडाचे ठिपके पडतात, तितके ऊन चेहऱ्यावर पडणार. तिसरी टोपी दाट कापडाची, आणि तिचा काठ सगळीकडून साडेसात सेंटीमीटर आहे. मोठ्या माणसाच्या टोपीसाठी ऑस्ट्रेलियात हेच किमान माप सांगितले जाते.

(दृश्य: काठाची सावली चेहऱ्यावर, नऊ वाजता आणि दहा वाजता.)

एप्रिलच्या मध्यावर नाशिकला सकाळी नऊ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असतो, तेव्हा या काठाची सावली चेहऱ्यावर साडेपाच सेंटीमीटरांच्या आसपास खाली उतरते, म्हणजे जेमतेम नाकापर्यंत. दहा वाजता सूर्य ५१ अंशांवर येतो आणि सावली नऊ सेंटीमीटरांपर्यंत पोहोचते. पण मांडवाखाली कोणी सरळ समोर पाहत नाही. काडी डोक्यावर असते, मान मागे झुकते, आणि मान तीस अंश झुकली की दहाच्या उन्हातही सावली तीन सेंटीमीटरांवर येते. टोपी डोक्यावर असते आणि चेहरा उन्हात असतो.

यावर टोळीनेच काढलेला मार्ग आम्ही चित्रित केला. ओळ कुठल्याही दिशेची असो, त्या सूर्याकडे पाठ करून उभ्या राहतात. मग मान मागे गेली की मागचा काठ मानेवर उतरतो आणि चेहरा स्वतःच्याच सावलीत राहतो. काड्यांची मोळी उचलताना टोपी काढून चुंबळ ठेवावी लागते, म्हणून टोपीखालचा रुमाल सोडायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. मोकळ्या आकाशातून विखुरलेले किरण काठाखालूनही येतातच, आणि त्यासाठी रुमाल गालांवर ओढून घ्यावा लागतो.

(दृश्य: घड्याळ, साडेबारा, पायाजवळ आखडलेली सावली.)

नाशिकचा सूर्य आपल्या घड्याळात बारा वाजता माथ्यावर येत नाही. आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे एप्रिलमध्ये तो साडेबाराच्या सुमारास सर्वात उंच असतो. हवा सर्वात तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी, अतिनील किरण मात्र याच वेळी सर्वाधिक असतात. निरभ्र दिवशी त्यांचा निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ती सर्वात वरची पायरी आहे. भाजलेली त्वचा, वांग, डोळ्यांतला मोतीबिंदू यांचा या किरणांशी संबंध आहे. उष्माघात कपड्याने टळत नाही, त्याला पाणी आणि सावलीतली विश्रांती लागते.

(दृश्य: छाटलेल्या काड्यांचा ढीग, सात निळे शर्ट ओळीत चालत जाताना.)

एकरी दर ठरवताना कात्र्या कोणाच्या, गाडीभाडे कोणाचे, याची बोलणी होते. या वर्षी मुकादम ताईंनी त्यात सात शर्ट आणि सात टोप्या घातल्या, आणि बागाईतदाराने त्या मान्य केल्या. पुढची बाग निफाडकडे आहे. तिथे छाटणी सोमवारी सुरू होते.