चढा जिन्याने, उतरा लिफ्टने

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जिना चढण्याचा व्यायाम: वेग, पद्धत आणि गुडघ्यांची काळजी’. तिन्हींवर बोलणार आहे, पण आधी आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज गुडघेच बघते, तरी मला जे म्हणायचंय ते या एका गुडघ्यात सगळं आलंय.

आमची इमारत परळची, तळमजल्यावर चौदा मजले. आम्ही आणि काका नवव्यावर. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं आणि दोन्ही लिफ्ट बंद पडल्या. त्या खड्ड्यात पाणी उपसायला पंप असतो. आमचा पंप चालतच नव्हता, आणि पावसाळ्याआधी तो कुणी चालवूनही पाहिला नव्हता. देखभालीचे पैसे आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच मोजलेले. फोन केला की एकच उत्तर, ‘पार्ट मागवलाय.’ असे तेवीस दिवस गेले. सातव्या मजल्यावरच्या बाळंतिणीला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. आजही ते आठवलं की मला राग येतो. तुमच्यापैकी कमिटीवर जे असतील त्यांनी मे महिन्यात स्वतः उभं राहून तो पंप चालवून बघा, एवढं माझं ऐका.

तर काका. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, तब्येत ठणठणीत. सगळी इमारत कुरकुरत असताना ते खूश होते, म्हणाले, “फुकटचा व्यायाम मिळतोय, जिमला कशाला जायचं?” दूध, पेपर, भाजी, संध्याकाळी कट्टा, अशा दिवसाला चार खेपा. आमच्याकडे एका मजल्याला अठरा पायऱ्या, प्रत्येक साधारण सोळा सेंटिमीटर उंच. म्हणजे एका खेपेला 162 पायऱ्या, सुमारे 26 मीटर चढ. चार खेपांत 648 पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. हा दुसरा आकडा कुणीच मोजत नाही, काकांनीही मोजला नव्हता.

बाराव्या दिवशी काकूंनी मला हाक मारली. काका कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी विचारलं, कुठे दुखतं? त्यांनी गुडघ्याच्या वाटीभोवती तळहात फिरवला. केव्हा? उतरताना, आणि टीव्हीसमोर तासभर बसून उठताना. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, निसटल्यासारखाही वाटत नव्हता. वाटीवर जास्त भार पडला की दुखणं असंच असतं. काका म्हणाले, “चढणं बंद करतो.” मी म्हटलं, चढा हो, उतरणं कमी करा.

आता हे नीट ऐका. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो. शिवाय वरच्या पायरीवरच्या पायाचा गुडघा सगळं वजन पेलत हळूहळू वाकत जातो. गुडघा जितका वाकतो तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. गंमत अशी की दम लागतो चढताना, म्हणून आपल्याला वाटतं कष्ट तिथेच आहेत. उतरताना श्वास शांत असतो, गप्पा मारता येतात, म्हणून सगळे भराभर उतरतात. ब्रेक मारणाऱ्या स्नायूचं दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. मग दोष चढण्यावर जातो.

कुणीतरी लंडनच्या बसचा दाखला देईलच, म्हणून मीच देते. 1953 साली जेरी मॉरिस यांनी तिथल्या डबलडेकरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. आपण बेस्टच्या डबलडेकरमध्ये वाढलेली माणसं, तो जिना आपल्याला माहीत आहे. कंडक्टर उतरायचेही, खरं आहे. पण एका वेळी मोजक्या पायऱ्या, दिवसभरात विखुरलेल्या. नवव्या मजल्यावरून सलग उतरणं वेगळं.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा काकांना मी असं लावून दिलं. दिवसाआड तीन मजले चढायचे, उरलेलं लिफ्टने, आणि उतरायचं नेहमी लिफ्टनेच. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पूर्ववत हवा. नसेल तर एक मजला कमी. दोन आठवडे बिनतक्रार गेले की एक मजला वाढवायचा. मधे एका लग्नात तासन्‌तास उभे राहिल्यावर दुखलं, तेव्हा आम्ही एक मजला मागे आलो. नऊ मजल्यांपर्यंत जायला त्यांना साडेतीन महिने लागले.

आयोजक घड्याळ दाखवतायत. वेग आणि पद्धत राहिलीच, भराभर सांगते.

पहिले दोन मजले मुद्दाम सावकाश. श्वास आणि हृदयाला कामाशी जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. सुरुवातीला धावणारा माणूस चौथ्या मजल्यावर धापा टाकत उभा राहतो, त्याचं कारण हेच. सेकंदाला एक पायरी धरा, लँडिंगवर थांबू नका, नुसता वेग उतरवा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर दम तुटत असेल तर वेग जास्त आहे.

पाऊल जमेल तितकं पूर्ण पायरीवर, टाचेसकट. नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्या आधी थकतात. कमरेतून किंचित पुढे झुका आणि टाचेने पायरी खाली ढकला, म्हणजे नितंबाचे स्नायू कामाला लागतात आणि वाटीवरचा भार हलका होतो. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, आत झुकायला नको. कठड्यावर हात असू दे, पण त्याने स्वतःला ओढू नका. गुडघा दुखरा असेल तर दोन-दोन पायऱ्या नकोत, त्यात गुडघा जास्त वाकतो. पायात बूट घाला, रबरी स्लिपर नको. आणि दारासमोरचे चपलांचे रॅक आणि कुंड्या जिन्यातून हलवा.

लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत राहणारे इथे बरेच आहेत. त्यांनी उतरताना वेग निम्मा करावा, पिशवी पाठीवर आणि एक हात कठड्यावर. दुखत असेल तर चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. दुखणं शमलं की ब्रेकचा स्नायू तयार करा. सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहायचं, कठडा धरायचा आणि दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत जमिनीला टेकवायची. एका पायाला आठ वेळा, मग दुसऱ्याला.

गुडघ्याला सूज आली, तो अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही झालं तर तिथेच बसा, मदतीला हाक मारा आणि थेट हॉस्पिटल गाठा. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिला मजलाही व्यायाम म्हणून चढू नये.

हॉल साडेसातला रिकामा करायचाय. टाच टेकवण्याचा व्यायाम ज्यांना करून बघायचाय त्यांनी दाराबाहेरच्या पायरीशी थांबा, कठडा डाव्या हाताला आहे. मी तिथेच येते.