दसऱ्याआधी पंचवीस दिवस

(दृश्य: अर्धवट उघडं शटर. आत रिकामे रॅक, भिंतीवर जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या.)

समजा, साताऱ्याच्या बाजारपेठेतलं हे कापडाचं दुकान. चारशे चौरस फूट. नूतनीकरण करायचंय आणि दसऱ्याला दुकान उघडायचंय. हातात आहेत पंचवीस दिवस. प्रत्येक कारागिराने आपापले दिवस सांगितलेत, पण कामं एकामागून एक लावली की बेरीज तीस दिवसांची होते. पाच दिवस कुठून आणायचे?

ओव्हरटाइमला पैसे मोजायला मालक तयार आहेत. ते नेमके कुणाला द्यायचे, एवढंच ठरवायचंय.

या प्रश्नाचं पद्धतशीर उत्तर 1957 मध्ये अमेरिकेत शोधलं गेलं. ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या बांधकामासाठी क्रिटिकल पाथ पद्धत बांधली. त्यांना संगणक लागला होता. आपल्या दुकानाला वहीचं एक पान पुरेल.

(पडद्यावर: हाताने काढलेला कामांचा आराखडा. चौकोन आणि बाण.)

आधी सरळ रांग पाहू. तोडफोड आणि राडारोडा उचलणं, तीन दिवस. मग भिंतीत खाचा पाडून वायरिंग, चार. फॉल्स सीलिंग, पाच. पुट्टी आणि प्रायमर, चार. फरशी, पाच. त्यानंतर फर्निचर बसवणं चार, शेवटचा रंग आणि दिवे तीन, माल लावणं दोन. झाले तीस.

फरशी पुट्टीनंतर का? सीलिंगचे घोडे आणि पुट्टीचे डाग नव्या टाइलवर नकोत म्हणून. आणि चारशे फुटांत दोन टोळ्या एका वेळी काम करू लागल्या की दोघांचंही काम रखडतं. दुकान लहान असेल तर जागेची अडचणही आराखड्यात बाण म्हणून काढावी लागते.

या रांगेच्या बाजूने तीन कामं चालतात. तोडफोड झाली की सुतार मापं घेतो आणि आपल्या वर्कशॉपमध्ये पंधरा दिवस रॅक आणि काउंटर बनवतो. दर्शनी पाटीला बनवून लावेपर्यंत नऊ दिवस. तिसरं काम शोकेसच्या काचेचं. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून तिचं माप फरशी बसल्यावरच घ्यायचं. त्यानंतर सहा दिवसांत काच येऊन बसते.

(पडद्यावर: सुताराच्या चौकोनाभोवती वर्तुळ.)

आता सवड मोजू, जिला या पद्धतीत फ्लोट म्हणतात. सुतार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मापं घेतो, म्हणजे लवकरात लवकर अठराव्या दिवशी त्याचा माल तयार. पण दुकानात फरशी संपते एकविसाव्या दिवशी, त्याआधी रॅक आणून ठेवायचे कुठे? म्हणजे सुताराला तीन दिवसांची सवड आहे. काच सत्ताविसाव्या दिवशी बसते, ती माल लावायला घेण्याआधी, म्हणजे अठ्ठाविसाव्यापर्यंत बसली तरी चालेल. सवड एक दिवस. तोडफोडीनंतर सुरू केलेली पाटी बाराव्या दिवशीच लागते, तिलाही अठ्ठाविसाव्यापर्यंत चालेल, म्हणजे तब्बल सोळा दिवस. आणि त्या मुख्य रांगेतल्या आठही कामांना शून्य. त्यांतलं कुठलंही एक दिवसाने लांबलं की उद्घाटन एक दिवसाने लांबतं. हाच क्रिटिकल पाथ.

एक गोष्ट इथे नीट पाहा. पाटीच्या कामात फ्रेम करणारा वेगळा, अक्षरं कापणारा वेगळा, लावणारा वेगळा. तिघांच्याही नावापुढे सोळा दिवस लिहिलेले दिसतील, पण ते तिघांचे मिळून सोळा आहेत. फ्रेमवाल्याने दहा खर्च केले, की पुढच्या दोघांना सहाच उरतात.

(पडद्यावर: खर्चाची पाटी. सुतार 1,700, वायरमन 1,800, फर्निचर बसवणं 2,200, सीलिंग 2,500, फरशी 7,000.)

आता खर्च. हे भाव आपल्या उदाहरणापुरते, गावोगावी वेगळे निघतील. सुतार म्हणतो, दिवसाला सतराशे रुपये जास्त द्या, तीन दिवसांपर्यंत लवकर देतो. वायरमन एक दिवस वाचवायला अठराशे मागतो. फर्निचर बसवायला जादा माणूस घेतला तर बावीसशेत एक दिवस. सीलिंगचा एक दिवस पंचवीसशेला. फरशी सिमेंट-वाळूऐवजी लवकर सेट होणाऱ्या टाइल अॅडहेसिव्हने बसवली, तर सात हजारांत दोन दिवस.

सगळ्यात स्वस्त सुतार. बहुतेक मालक पहिला फोन त्यालाच लावतात. आणि तीन दिवसांचे एक्कावन्नशे रुपये देऊन उद्घाटन एका तासानेही अलीकडे येत नाही, कारण रॅक फरशीची वाट पाहत वर्कशॉपमध्येच पडून राहतात. पैसे द्यायचे ते शून्य सवडीच्या कामाला, आणि त्यांतल्या स्वस्तापासून सुरुवात करायची.

म्हणून वायरमन आधी. तीसचे एकोणतीस झाले. मग फर्निचर बसवणं, अठ्ठावीस. मग सीलिंग, सत्तावीस. पुट्टीला हात लावलेला नाही, कारण दोन हातांमध्ये ती सुकावी लागते. दसऱ्याआधीची दमट हवा आणखी दोन रंगारी आणल्याने कोरडी होत नाही, आणि ओल्या पुट्टीवर घाईने मारलेला रंग पुढे पोपडे धरतो.

पण प्रत्येक काटछाटीनंतर सवड पुन्हा मोजायची. ही पायरी गाळली की सगळा हिशोब चुकतो. फर्निचर बसवण्याचा दिवस कमी केला तेव्हा काचेची एक दिवसाची सवड संपली. वायरिंग आणि सीलिंग अलीकडे आल्याने सुताराच्या तीन दिवसांतला एकच उरला.

(पडद्यावर: नवा आराखडा. फरशी आणि सुतार यांचे बाण जवळजवळ एका रेषेत.)

आता अॅडहेसिव्ह आणू. फरशी एकोणिसाव्याऐवजी सतराव्या दिवशी संपली. सात हजार दिले, दोन दिवस वाचायला हवेत. वाचला एक. कारण सुताराचा माल येतो अठराव्या दिवशी, आणि आता फरशी त्याची वाट पाहते. एकूण सव्वीस दिवस.

आणि इथे तोच सुतार, ज्याला आपण आधी पैसे दिले नाहीत, क्रिटिकल झालेला आहे. त्याला एका दिवसाचे सतराशे द्यायचे. रॅक सतराव्या दिवशी, दुकान पंचविसाव्या दिवशी तयार. दुसऱ्या दिवसाचे सतराशे द्यायचे नाहीत, फरशीच तोवर झालेली नसेल. एकूण जादा खर्च पंधरा हजार दोनशे.

आता हा पंचवीस दिवसांचा आराखडा किती ताणलेला आहे तेही पाहा. मुख्य रांग, सुतार, काच, तिन्ही वाटांवर सवड शून्य. सुताराकडे प्लायवूड एक दिवस उशिरा आलं, तरी दसरा हुकेल. तीस दिवसांच्या आराखड्यात हाच उशीर कुणाच्या लक्षातही आला नसता.

काचेची वाट मात्र फुकटात सैल करता येते. फरशीवाल्याला सांगायचं, सुरुवात दुकानाच्या आतून करू नको, शोकेसखालची पट्टी पहिल्या दिवशी लाव. ती सेट झाली की काचवाला माप घेऊन जातो, आणि आतली फरशी चालू असतानाच काच भट्टीत जाते. त्याने काचेला पुन्हा एक दिवसाची सवड मिळते.

सुताराच्या बाबतीत मालकांनी आठव्या आणि बाराव्या दिवशी स्वतः वर्कशॉपमध्ये जायचंय. फोनवर "काम चालू आहे" ऐकून भागणार नाही. किती रॅकचे सांगाडे उभे आहेत आणि लॅमिनेट आलंय का, हे डोळ्यांनी पाहायचं. बाराव्या दिवशी सांगाडे उभे नसतील, तर रंगाच्या टप्प्यावर रात्रपाळी लावून एक दिवस परत मिळवता येतो. तिचे चार हजार वेगळे, आणि तेव्हाही आधी काचेचा दिवस तपासूनच.