केस कापू नका, मागची भिंत कापा

समोर स्क्रीनवर एक फोटो आहे, छान आहे, लांब मोकळे केस, खांद्यावरून पुढे आलेले, मागे पुस्तकांचं शेल्फ, एका बाजूला खिडकीचा उजेड. आता कोणी म्हटलं की याच फोटोत हिला आखूड केस दाखव, तर एडिट करणारा माणूस डोक्याला हात लावतो. केस छोटे करायचे म्हणजे त्यांच्याखाली झाकलेली मान, खांदा, कान, ब्लाउजची कड आणि मागची पुस्तकं हे सगळं नव्याने रंगवावं लागणार, कारण ते फोटोत मुळात आलेलंच नाहीये.

म्हणून नंतर केस किंवा कपडे बदलायचे हे आधीच माहिती असेल तर शूटचा क्रम उलटा लावायचा. आधी सगळ्यात कमी झाकलेला फोटो काढायचा. केस मागे घट्ट बांधलेले, कान दिसतायत, मान पूर्ण मोकळी, अंगात साधा फिटिंगचा राखाडी टीशर्ट, गळा गोल. बघायला हा फोटो अगदी ओळखपत्रासारखा कंटाळवाणा असतो, पण हाच बेस. याच्यावर काहीही चढवता येतं, उतरवायचं काही उरतच नाही. मग त्याच जागेवर, त्याच उजेडात, मोकळे केस, आखूड विग, कॉलरचा शर्ट, ब्लेझर, असे एकेक फोटो काढत जायचं.

आता मागचा पडदा. बऱ्याच जणांना वाटतं प्लेन बॅकग्राउंड कशासाठी, तर केस नीट कापून काढता यावेत म्हणून. ते खरंय, पण खरी मजा वेगळीच आहे, की केस कापावेच लागत नाहीत. कडेची बारीक बट कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलपेक्षाही पातळ असू शकते, म्हणजे त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा मागचा रंग असं मिसळलेलं असतं. केस कापून दुसऱ्या रंगावर ठेवले की तो जुना रंग कडेला झळकतो, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी चिकटवलंय. पण दोन्ही फोटोंत मागचा राखाडी हुबेहूब सारखा असेल तर केसांच्या भोवतीची चार बोटं भिंतसुद्धा केसांसोबतच उचलायची, आणि मास्कची कड त्या रिकाम्या भिंतीतून मऊ ब्रशने फिरवायची. राखाडीला राखाडी जुळला की जोड दिसणार कुठे?

अट एकच आहे, तो राखाडी खरंच सारखा पाहिजे.

पडदा चमकणारा नको, मॅट हवा, आणि मधला राखाडी. पांढरा पडदा जास्त उजळला तर उजेड मागून केसांच्या कडा खाऊन टाकतो, बारीक बटा गायबच होतात. काळ्या पडद्यावर काळे केस कुठे संपतात तेच कळत नाही. हिरवा पडदा व्हिडिओवाल्यांच्या कामाचा आहे, पण फोटोत त्याची हिरवी झाक केसांवर आणि गालाच्या कडेला येते आणि ती काढत बसण्यात संध्याकाळ जाते. माणूस पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे उभा करायचा, म्हणजे त्याची सावली पडद्यावर पडत नाही.

उजेडासाठी दोन मोठे सॉफ्टबॉक्स, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर, सारख्या उंचीवर, सारख्या ताकदीचे. इथे एक चूक फार जण करतात, लाइट अगदी तोंडाजवळ आणतात कारण चेहरा मऊ दिसतो. पण ढोबळ गणित करून बघा, लाइट डोक्याच्या उंचीवर १ मीटर अंतरावर असेल तर ७० सेंटीमीटर खाली कमरेवर पोचणारा उजेड डोक्यावरच्या दोन तृतीयांशच राहतो, आणि तोच लाइट २ मीटरवर नेला की कमरेवर जवळपास ९० टक्के मिळतो. लांब केसांची टोकं आणि आखूड केसांची टोकं वेगवेगळ्या उंचीवर येतात, ब्लेझर तर कमरेपर्यंत जातो, त्यामुळे वर-खाली उजेड सारखा असणं इथे चेहऱ्याच्या मऊपणापेक्षा महत्त्वाचं. लांब नेल्यावर लाइट थोडा कडक होतो, म्हणून बॉक्स मोठा घ्यायचा. आणि खिडकीचे पडदे बंद, कारण एक ढग आला की भिंतीचा रंग बदलला.

कॅमेरा ट्रायपॉडवर, सगळं मॅन्युअल. ऑटो एक्सपोजर ठेवलं तर काळा ब्लेझर आला की कॅमेरा स्वतःहून फोटो उजळवतो आणि भिंत पण उजळते, झालं, जुळणी गेली. व्हाइट बॅलन्सही ऑटो नको, सुरुवातीला ग्रे कार्ड धरून एकदाच ठरवायचा. अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, म्हणजे नाकापासून मागच्या केसांपर्यंत बऱ्यापैकी शार्प येतं. रॉ मध्ये काढा, जेपेगमध्ये बारीक केसांभोवती कॉम्प्रेशनची घाण येते.

राहिला माणूस, आणि माणूस हलतो. पायाखाली चिकटपट्टी लावली तरी मान दोन अंश फिरतेच, आणि बेसची केशरेषा आणि नवीन केसांची केशरेषा कपाळावर जुळत नाही. लॅपटॉप जोडलेला असेल तर बेस फोटो अर्धा पारदर्शक करून लाइव्ह चित्रावर ठेवायचा आणि डोळ्यांवर डोळे बसेपर्यंत "थोडं डावीकडे, हनुवटी खाली" करत राहायचं. चेहरा निर्विकार ठेवायला सांगा, हसलं की गाल वर जातात आणि कानाजवळची कड सरकते.

कपड्यांचा जोड मानेवर येतो. कॉलरची सावली मानेवर पडते, म्हणून कपड्यासोबत मानही जबड्याच्या खालपर्यंत त्याच फोटोतली घ्यायची, नुसती कॉलर कापून चिकटवली तर ती तरंगते. लाल शर्ट असेल तर हनुवटीखाली लालसर झाक येईल, ती पण थोडी येऊ द्या, ती नसली तरच विचित्र दिसतं.

आणि एक गोष्ट या पद्धतीने होत नाही. मोकळे केस खांद्यावरून पुढे आले तर त्यांच्यामागे भिंत नसते, कापड असतं. राखाडी टीशर्टवर काढलेले केस ब्लेझरवर नेले की मघाचाच झाक येण्याचा प्रॉब्लेम परत हजर. तेव्हा एकतर मोकळे केस खांद्यामागे ठेवायचे, नाहीतर ती जोडी, म्हणजे ते केस आणि तोच ब्लेझर, सरळ एकत्रच शूट करायची. एडिटमध्ये बघू असं इथे म्हणू नका.

शेवटी सामान आवरायच्या आधी पहिला आणि शेवटचा फोटो एकावर एक लेयर करून ठेवा आणि वरच्या लेयरला Difference मोड लावा. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसेल. भिंत पूर्ण काळी आली तर घरी जा. एका बाजूला करडा पट्टा दिसला तर त्या बाजूचा लाइट सरकलाय किंवा कमी झालाय. सगळी भिंत सारखीच करडी आली तर एक्सपोजर बदललंय, ते रॉ मधून सुधारता येईल, पण पट्ट्याचं काही खरं नाही, लाइट जागेवर आणून ते फोटो परत काढा, माणूस अजून विग घालूनच उभा आहे तोवर.