गाडीला जितके हात कमी

नमस्कार. समोर चाकण-तळेगावकडचे बरेच चेहरे दिसताहेत, त्यामुळे गाडी कशी तयार होते हे मी सांगणार नाही. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी जहाजाच्या पोटात शिरेपर्यंत तिचं काय होतं, एवढाच आजचा विषय. मुंबईच्या गोदीत मी वाहनांचा सर्व्हेअर होतो. जहाजात चढण्याआधी प्रत्येक गाडीभोवती फिरायचं आणि चरा, पोचा, तडा जे दिसेल ते नोंदवायचं, हे माझं काम.

रो-रो म्हटलं की आपल्याला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी बोट आठवते. तत्त्व तेच आहे: गाडी क्रेनने उचलायची नाही, ती स्वतःच्या चाकांवर आत जाते. फरक आकाराचा. गाड्या नेणारं मोठं जहाज साधारण २०० मीटर लांब आणि ३२ मीटर रुंद असतं. आत बारा-तेरा मजले, आणि पाच-सहा हजार गाड्या. मुंबईच्या इंदिरा गोदीचं पाण्याचं दार ३०.५ मीटर रुंद आहे. १९१४ साली ही गोदी सुरू झाली, तेव्हा अशी जहाजं कोणाच्या डोक्यातही नव्हती. म्हणून ती दाराबाहेरच्या धक्क्याला लागतात आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी ती गोष्ट. ज्यांनी ती पूर्वी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐकावी, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्यात आहे.

मार्च महिना होता. जहाज दोन दिवसांवर आलेलं. संध्याकाळी मी टॉर्च घेऊन यार्डात फिरत होतो. चऱ्यासाठी टॉर्च पत्र्यावर सरळ मारायचा नसतो, तो पत्र्याला जवळपास समांतर धरायचा. मग बारीक रेघसुद्धा सावली टाकते. एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर तसा प्रकाश टाकला आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा चमकल्या. शेजारच्या गाडीवर त्याच, तिच्या पलीकडे त्याच. चाळीसेक गाड्यांच्या त्या अख्ख्या रांगेत एकही स्वच्छ बॉनेट नव्हतं. मागच्या रांगेत मात्र काही नाही.

पहिला संशय ट्रेलरवर गेला. पण ट्रेलरवर लागलेली जखम बाजूला किंवा खाली असते: बंपर, चाकाची कड, दार. इथे जे होतं ते फक्त आडव्या पत्र्यांवर, म्हणजे बॉनेट, टप आणि डिकीवर. झाडाची फांदी? फांदीचा चरा लांब आणि सरळ असतो. या रेघा कमानीसारख्या होत्या. मी वाकून त्या कमानींवरून हात फिरवून पाहिला आणि तो बरोबर बसला. बॉनेटच्या डाव्या अर्ध्यावर डावीकडून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताचा फेर होता, उजव्या अर्ध्यावर उजवीकडून. मधोमध दोन्ही फेर एकमेकांना छेदत होते. कोणीतरी या गाड्या पुसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. साहेबमंडळी यार्ड बघायला येणार म्हणून मुकादमाने दोन पोरांना सांगितलं होतं, पुढची रांग जरा चकाचक करा. पोरांनी जीव लावून काम केलं होतं, कोरडी स्वच्छ फडकी घेऊन. मी त्यांच्यावर आवाजही चढवला नाही. घरी आईने जे शिकवलं तेच त्यांनी केलं होतं. चूक त्यांना ते सांगणाऱ्याची, आणि न सांगणाऱ्या आमचीही.

कारण धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूचा कण रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कितीतरी कठीण असतो. गाडीचा सगळा रंग मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला वरचा क्लिअर कोट चाळीसच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. नुसती बसलेली धूळ काही करत नाही. फडकं फिरलं की तिचा पॉलिश पेपर होतो. चऱ्यावरून नख फिरवायचं: अडकलं नाही तर तो पॉलिशने जातो, अडकलं तर रंगकाम. आमच्या चाळीस गाड्यांत नख कुठेच अडकलं नाही, म्हणून पॉलिशवर निभावलं. पण पॉलिश म्हणजे त्या चाळीस मायक्रॉनमधले काही खरवडून टाकणं, आणि हे होईपर्यंत जहाज निघून गेलं होतं. त्या रांगेत पांढऱ्या गाड्याही होत्या. चरे त्यांच्यावरही तेवढेच होते, फक्त चटकन दिसत नव्हते.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: यार्डातल्या गाडीला जितके हात कमी लागतील तितकी ती सुखरूप. धूळ असू द्या. पलीकडच्या बंदरात उतरल्यावर भरपूर पाण्याने धुतली जाईल. अपवाद पक्ष्यांच्या विष्ठेचा. ती उन्हात रंगात उतरते, म्हणून पाण्याने भिजवून, मऊ करून लगेच ओघळू द्यायची. घासायची नाही.

आयोजकांनी घड्याळ दाखवलं. खरं म्हणजे यार्डाची मांडणी आणि जहाजातलं बांधणं यावर बोलायचं कबूल केलं होतं. भराभर सांगतो.

यार्डात गाड्या आल्या तशा लावल्या की घात होतो. सहा गाड्यांची एकामागे एक रांग समजा, मागे भिंत. जहाजात आधी चढायची गाडी सगळ्यात मागे असेल तर पुढच्या पाच बाहेर काढायच्या आणि पाच परत लावायच्या. एका गाडीसाठी दहा जास्तीच्या फेऱ्या, दहा वेळा दार उघडणं, दहा वेळा कोणीतरी सीटवर बसणं. म्हणून गाड्या ज्या बंदरात उतरणार त्याप्रमाणे रांगा लावायच्या. शेवटच्या बंदराच्या गाड्या जहाजात सहसा आधी आणि आत जातात. रांग दोन्ही टोकांना मोकळी ठेवता आली तर उत्तमच.

माझ्या म्हणण्याला एक मर्यादा आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि टायर एकाच जागी चपटे होतात. तिथे हात लावावाच लागतो. व्होल्टेज मोजायचं, टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा ठेवायची, गाडी थोडी पुढेमागे करायची. पण ते ठरलेल्या दिवशी, वहीत नोंद करून.

ड्रायव्हरच्या अंगावर घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल काही नको, आणि अंगरख्याची चेन कापडाखाली झाकलेली हवी. जहाजात दोन गाड्यांमध्ये बाजूला दहा सेंटिमीटर आणि पुढेमागे तीस एवढीच जागा सोडतात. ड्रायव्हर मोकळ्या बाजूने उतरतो, कारण तिकडची गाडी अजून आलेली नसते. तो क्रम मोडला की दार शेजारच्या गाडीवर आपटतं.

आता ती भरती-ओहोटी. जहाज वरखाली होतं तसा जहाजातून धक्क्यावर टेकलेल्या रॅम्पचा उतार बदलतो. कोन तीव्र झाला की लांब नाकाच्या, ठेंगण्या गाड्यांच्या बंपरची खालची कड घासते. ती जखम उभ्याने दिसत नाही, वाकून बघावी लागते. रॅम्पच्या सुरुवातीला तसे ओरखडे दिसू लागले की अशा गाड्या थांबवायच्या आणि पाण्याची पातळी बदलल्यावर चढवायच्या.

बांधणं कशासाठी? २००६ साली ‘कूगर एस’ नावाचं जहाज ४,७०३ माझदा गाड्या घेऊन निघालं होतं. अल्यूशन बेटांजवळ बॅलास्टचं, म्हणजे जहाजाचा तोल राखणारं पाणी बदलताना ते सुमारे साठ अंशांत कललं. बहुतेक गाड्या डेकला बांधलेल्या पट्ट्यांना लटकून जागच्या जागी राहिल्या, तरी कंपनीने सगळ्या मोडीत काढल्या. इतकी ताकद त्या पट्ट्यांत असते. पण तोच पट्टा, तोच हूक उतरवताना नुकसानही करतो. ताण सैल करताना हूक हातात धरून अलगद डेकवर ठेवायचा. सोडून दिला तर तो झोका घेतो आणि थेट बंपरवर बसतो.

आता प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून हात वर केलाय.