मेल बाजूला ठेवा, खाते स्वतः उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

‘तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, तो ताबडतोब बदला’, असा मेल १९ मार्च २०१६ रोजी अमेरिकेतील जॉन पोडेस्टा यांना आला. ते त्या वेळी हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराचे प्रमुख होते. युक्रेनमधून कोणीतरी त्यांच्या जीमेल खात्यात शिरण्याचा प्रयत्न केला आणि गूगलने तो रोखला, असे त्या मेलमध्ये लिहिले होते; खाली पासवर्ड बदलण्यासाठी एक बटण होते. त्यांच्या कार्यालयाने शंका म्हणून तो मेल संगणक विभागाच्या माणसाला दाखवला. त्याने उत्तर पाठवले, की मेल खरा आहे, पासवर्ड लगेच बदलावा. आपल्याला ‘खोटा’ असे लिहायचे होते, पण शब्द चुकला, असे त्याने पुढे सांगितले. मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच वाटते. त्याच उत्तरात त्याने गूगलचा खरा पत्ता दिलेला होता. तो पत्ता वापरला असता, तर मेल खरा की खोटा याविषयीचा त्याचा निर्णय चुकूनही खाते सुरक्षित राहिले असते. पण वापरले गेले ते मेलमधले बटण, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून त्यांचे हजारो मेल जगापुढे आले.

त्या बटणामागचा पत्ता आधी आखूड दुव्यात लपवलेला होता. उलगडल्यावर त्याची सुरुवात myaccount.google.com अशीच दिसे. मात्र com नंतर तिरकी रेघ नसून लहान आडवी रेघ होती आणि तिच्यापुढे securitysettingpage.tk असे जोडलेले होते. संकेतस्थळ कोणाचे हे ठरते ते https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे यावरून, म्हणून तो पत्ता गूगलचा नव्हताच. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्त्याचा शेवट बहुधा दिसतही नाही. पाठवणाऱ्याचे नावही हवे ते लिहिता येते. त्यामुळे मेल निरखून खरे-खोटे ओळखण्याच्या कौशल्यावर आपण विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग तपासायचे कसे? मेल तसाच ठेवून तो बंद करावा. अँड्रॉइड फोन असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल हा पर्याय उघडावा आणि तेथून आपल्या खात्याच्या सुरक्षा विभागात जावे. संगणकावर असाल, तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत myaccount.google.com हा पत्ता स्वतःच्या बोटांनी पूर्ण टाइप करावा. शोधयंत्रात नाव शोधून पहिला निकाल दाबू नये, कारण तेथे जाहिरातीच्या रूपाने नकली पानेही येतात. सुरक्षा विभागात गेल्या २८ दिवसांतील सुरक्षाविषयक घडामोडी आणि खाते ज्या उपकरणांवर उघडले आहे त्यांची यादी मिळते. मेल गूगलने खरोखर पाठवला असेल, तर ती नोंद येथेही सापडली पाहिजे.

ही यादी वाचताना गावाच्या नावाने घाबरून जाऊ नये. माझ्या बहिणीने सांगलीत बसून आपले खाते तपासले, तेव्हा तिच्याच फोनपुढे मुंबई असे लिहिलेले होते. इंटरनेट कंपनीची जोडणी ज्या शहरातून जाते, ते शहर तेथे दिसू शकते. म्हणून आधी उपकरणाचा प्रकार आणि वेळ पाहावी. तिने मागच्या आठवड्यात विकलेल्या जुन्या फोनचेही नाव यादीत निघाले, आणि त्यातून बाहेर पडण्याचे बटण तिने तेथेच दाबले.

अनोळखी उपकरण दिसले, किंवा घाईत आपण त्या खोट्या पानावर पासवर्ड लिहून बसलो, तर याच स्वतः उघडलेल्या पानावरून पासवर्ड बदलावा आणि तोच पासवर्ड आणखी कोठे वापरला असेल, तर तेथेही बदलावा. पण एवढ्यावर थांबू नये. आत शिरलेला माणूस खाते परत मिळवण्यासाठीचा फोन क्रमांक स्वतःचा घालून ठेवतो, किंवा जीमेलच्या सेटिंग्जमध्ये येणारे मेल स्वतःकडे वळवून घेतो. मेल वळवण्याची ती सोय पासवर्ड बदलला तरी चालूच राहते. या दोन्ही जागा उघडून पाहाव्यात. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी फोन करावा.

बँकेच्या किंवा इतर कोणत्याही खात्याबद्दल असा मेल आला, तरी रस्ता हाच: फोनवर आधीपासून असलेले त्यांचे अ‍ॅप उघडावे, किंवा पासबुकावर छापलेला पत्ता पट्टीत टाइप करावा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करणे हेदेखील त्या बटणावर क्लिक करण्यासारखेच आहे.

नमस्कार.