कोयता टेबलावर होता

[दृश्य: जिल्हा न्यायालयाची इमारत, बाहेरून. फाटकाशी टायपिंगची टेबलं, नोटरीचे फलक, झाडाखाली लावलेल्या दुचाकी.]

हे पान माझ्या वहीतलं आहे. मी गुन्हेशास्त्राची विद्यार्थिनी. जिल्हा न्यायालयात सुनावणी ऐकायला मी पहिल्यांदाच गेले आणि जे ऐकलं ते त्याच रात्री लिहून काढलं. खटला अजून चालू आहे, म्हणून गाव, माणसं, पोलीस ठाणं यांची नावं मी सांगणार नाही. न्यायदालनात चित्रीकरणाला परवानगी नसते. त्यामुळे आतलं तुम्हाला दिसणार नाही, फक्त ऐकायला मिळेल.

खटला खुनाचा आहे, 2021 मधला. शेताच्या बांधावरून भांडण झालं, एक माणूस मेला, त्याचा चुलतभाऊ आरोपी आहे. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही. सरकार पक्षाची बरीचशी भिस्त एका कोयत्यावर आहे. आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागेतून, उसाच्या फडातून तो काढला, असं पोलिसांचं म्हणणं. त्या दिवशी साक्ष होती पंचाची, म्हणजे कोयता काढताना हजर होता असं पोलीस सांगतात त्या बाहेरच्या माणसाची.

[दृश्य: व्हरांडा. भिंतीवर लावलेला दिवसाचा बोर्ड.]

शिपायाने पुकारा केला. पन्नाशीतला एक माणूस आत आला. त्याचं ठाण्याजवळ पंक्चरचं दुकान आहे. त्याने शपथ घेतली आणि सरकारी वकिलांनी सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारणं, सुरू केला.

“तुम्हाला पोलिसांनी बोलावलं होतं?”
“हो साहेब.”
“तिथे आरोपी काय म्हणाला?”
“माझ्यासमोर काही बोलला नाही.”
“मग पुढे कुठे गेलात?”
“कुठंच नाही. कोयता टेबलावर होता. सही करा म्हणाले, केली.”

सरकारी वकील क्षणभर थांबले, मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, साक्षीदार सरकार पक्षाला मदत करत नाही, उलटतपासाची परवानगी मिळावी. परवानगी मिळाली. लघुलेखकाने तशी नोंद टंकली. व्यवहारात याला पंच फितूर होणं म्हणतात.

[दृश्य: कोऱ्या पंचनाम्याच्या नमुन्याचं जवळून चित्र.]

त्या एका वाक्याने खटल्यात एवढा फरक का पडावा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मारहाण करून, धमकावून माणसाकडून काहीही वदवून घेता येतं, हे 1872 चा पुरावा कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण त्याच कायद्याच्या कलम 27 मध्ये एक फट ठेवली आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट सापडली, तर त्या गोष्टीशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच तुकडा पुराव्यात घेता येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ही तरतूद आता त्याच्या कलम 23 मध्ये आहे. हा खटला आधीपासून चालू असल्यामुळे त्याला जुनाच कायदा लागू आहे.

तुकडा म्हणजे किती? समजा आरोपी म्हणाला, “मी ज्या कोयत्याने त्याला मारलं तो फडात लपवला आहे, चला, दाखवतो.” यातलं “फडात लपवला आहे, दाखवतो” हे चालतं. “ज्याने त्याला मारलं” हे गळतं. स्वातंत्र्याच्या थोडं आधी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ मारली आणि आजही न्यायालयं ती पाळतात. कोयता सापडल्याने आरोपीला लपवण्याची जागा माहीत होती एवढंच सिद्ध होतं. त्याने तो वापरला, हे वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावं लागतं: त्यावरचं रक्त, जखमेचा आकार, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष.

म्हणजे या पुराव्यात क्रमाला सगळं महत्त्व आहे. आधी माहिती, मग शोध. वस्तू आधीच पोलिसांच्या हाती असेल तर आरोपीच्या सांगण्यातून काही ‘सापडलं’ असं म्हणताच येत नाही. पंच म्हणाला तसा कोयता खरंच टेबलावर असेल, तर कलम 27 चा पुरावा उरतच नाही.

[दृश्य: ग्रामीण रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस.]

हा क्रम नोंदवायचा कसा, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये रामानंद ऊर्फ नंदलाल भारती खटल्यात स्पष्ट लिहिलं. आधी दोन स्वतंत्र पंचांना ठाण्यात बोलवायचं. त्यांच्यासमोर आरोपीला बोलू द्यायचं आणि तो बोलेल ते शक्यतो त्याच्याच शब्दांत उतरवायचं. हा पंचनाम्याचा पहिला भाग, आपल्याकडे त्याला निवेदन पंचनामा म्हणतात. तो पुरा झाल्यावर पोलीस, पंच आणि आरोपी एकत्र निघतात, आरोपी रस्ता दाखवतो. वस्तू निघाली की दुसरा भाग लिहायचा. तपासातला शिरस्ता असा, की वस्तू तिथेच कागदात गुंडाळून, लाखेने सील करून, पंचांच्या सह्यांचं लेबल चिकटवायचं. त्या खटल्यात हा क्रम पाळल्याचं दिसत नव्हतं, शोधाचा पुरावा टिकला नाही आणि फाशीची शिक्षा झालेला माणूस निर्दोष सुटला.

पंच त्यासाठीच असतो. पोलीस सांगतील तो क्रम बाहेरच्या माणसाने स्वतः पाहिलेला असावा. पण हा बाहेरचा माणूस येतो कुठून? ठाण्याशेजारी दुकान असलेला, फोन केला की दोन मिनिटांत येणारा, पोलिसांना नाही म्हणायची सोय नसलेला. स्वतंत्र या शब्दात बसेल असा माणूस ऐनवेळी हाताशी नसतो, आणि हाताशी असतो तो स्वतंत्र नसतो. मला हे फार खटकलं.

[दृश्य: पुन्हा इमारत. एक खिडकी.]

उलटतपासात सरकारी वकिलांनी पंचनाम्यातला मजकूर वाक्यावाक्याने त्याच्यापुढे ठेवला. आरोपीने तुमच्यासमोर निवेदन केलं, हे खरं आहे का? नाही. तुम्ही सरकारी गाडीतून फडात गेलात? नाही. प्रत्येक पानावरची सही तुमची? माझीच. आरोपीच्या नातेवाइकांच्या दबावामुळे तुम्ही खोटं सांगताय? हे म्हणणं खरं नाही.

मग मुद्देमाल आला. लिपिकाने पाकीट न्यायाधीशांना दाखवून उघडलं. आत लाकडी मुठीचा, पात्यावर गंज चढलेला कोयता. लेबलावरची सही पंचाने ओळखली. कोयता ओळखला नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ वकील बाई हळूच म्हणाल्या, “आता बचावाचे वकील फार विचारणार नाहीत बघ.” तसंच झालं. त्यांनी मोजकेच प्रश्न विचारले. सगळ्या सह्या एकाच वेळी, ठाण्यात बसून केल्या का? हो. कागद वाचून दाखवले होते का? नाही. आणि शेवटी, सहज विचारल्यासारखं: फडाचं ते गाव ठाण्यापासून किती लांब? “वीस-बावीस किलोमीटर. गाडीने पाऊण तास तरी लागतो.”

हा प्रश्न मला तेव्हा उमगला नाही. घरी वही उघडल्यावर उमगला. सरकारी वकिलांनी पंचनाम्यातल्या वेळा वाचल्या होत्या आणि मी त्या टिपल्या होत्या. निवेदन संपलं 11 वाजून 30 मिनिटांनी. शोधाचा पंचनामा संपला 12 वाजून 15 मिनिटांनी. मधे पाऊण तास. पंच म्हणतो तेवढा वेळ तर नुसत्या प्रवासातच जातो. मग फडात शिरणं, कोयता काढणं, त्याची लांबी मोजणं, सील करणं, चार पानं लिहिणं कधी झालं?

पंच फितूर झाला म्हणून शोध आपोआप खोटा ठरत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ पंचांनी साथ दिली नाही म्हणून जप्ती फेटाळायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोदन सिंग खटल्यात सांगितलं आहे. पंचाने पैसे घेतले असतील, घाबरला असेल, किंवा चार वर्षांनी खरंच विसरला असेल. सुनावणीआधी तो व्हरांड्यात बसला होता. समोरच्या बाकावर आरोपीचे भाऊबंद होते. दिवसाची कमाई बुडवून तो आला होता आणि संध्याकाळी त्याच तालुक्यात परत जाणार होता. त्या बाकांच्या मधे कुणी नव्हतं. त्याच्यावर दबाव होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण दबाव आणायचा असता तर कुणालाच काही अडचण नव्हती.

दुसरीही शक्यता तेवढीच खरी आहे: तो आज पहिल्यांदा खरं बोलला असेल. त्याच्या तोंडचं वाक्य दोन्ही शक्यतांत तेच राहतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी निवाडा करू पाहत होते, आणि तो करता येत नव्हता. वेळा आणि अंतर मात्र कुणाच्या चेहऱ्यावर अवलंबून नाहीत.

न्यायाधीशांनी नोंदवलेली साक्ष त्याला वाचून दाखवायला लावली. “बरोबर आहे?” “बरोबर आहे मॅडम.” त्याने सही केली, भत्त्याचा अर्ज कुठे द्यायचा ते विचारलं आणि निघून गेला.

[दृश्य: फाटक. लोक बाहेर पडताहेत.]

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केलं आहे. त्यामुळे यापुढच्या खटल्यांत फडातला कोयता आपण बघू शकू. पण पुरावा जन्मतो तो ठाण्यात, आरोपी तोंड उघडतो तेव्हा. कॅमेरा तिथून सुरू झाला नाही, तर फडातल्या चित्रातून एवढंच कळेल की कोयता फडात होता. तो तिथे आहे हे आधी कोणाला माहीत होतं, ते कळणार नाही. आणि कलम 27 मध्ये नेमका तोच प्रश्न आहे.

पुढच्या तारखेला तपास अधिकारी साक्षीला येणार आहेत. दुसऱ्या पंचालाही समन्स बजावलं आहे. त्या दिवशी मी वहीत चार गोष्टी लिहून नेणार आहे. स्टेशन डायरीत निघाल्याची आणि परतल्याची वेळ काय आहे. सरकारी गाडीच्या लॉगबुकात त्या दिवशी किती किलोमीटर नोंदले आहेत. मुद्देमाल नोंदवहीत कोयता कोणत्या वेळी जमा झाला. आणि प्रयोगशाळेत पाकीट पोहोचलं तेव्हा सील शाबूत असल्याची पोच आहे का. लॉगबुकात पंचेचाळीसच्या आसपास किलोमीटर असतील आणि डायरीतल्या वेळा जुळत असतील, तर पंचनाम्यावरची 12.15 ही लिहिताना झालेली चूक ठरू शकते आणि पंक्चरवाल्याची साक्ष मागे पडेल. गाडी ठाण्याबाहेर गेल्याची नोंदच नसेल, तर तो कोयता या खटल्यातून बाद व्हायला हवा, खून खरोखर त्याच आरोपीने केला असला तरीही.