देय तारीख बदलली, ग्रेसचे दिवसही सरकले

नमस्कार श्रोतेहो. विमा कंपन्या कधीकधी हप्त्यांच्या देय तारखा बदलतात आणि तशी सूचना पॉलिसीधारकांना पत्राने किंवा मोबाइलवर पाठवतात. हे पत्र घरात कुठे जातं ते तुम्हाला माहीतच आहे. मूळ पॉलिसीच्या फाइलमध्ये, न वाचता. फाइल जपून ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, पण फाइल उघडून बघणारे फार थोडे.

त्या सूचनेतली तारीख बदलली की तिच्यामागचे सवलतीचे दिवस, म्हणजे ज्याला आपण ग्रेस पिरियड म्हणतो, तेही सरकतात. हे दिवस नव्या देय तारखेपासून मोजायचे. पत्र हातात पडलं त्या दिवसापासून नाहीत, बँकेतून पैसे कापले जातात त्या दिवसापासूनही नाहीत. पुन्हा सांगतो, नव्या देय तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून. महिन्याच्या हप्त्याला हे दिवस साधारण 15 असतात, तिमाही, सहामाही आणि वार्षिक हप्त्याला साधारण 30. तुमचा नेमका आकडा पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो.

आता मी माझ्या काउंटरवरची एक गोष्ट सांगतो. ही सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

एका गृहस्थांची जीवन विमा पॉलिसी होती. महिन्याचा हप्ता दोन हजारांचा. देय तारीख पूर्वी 28 होती, ती 10 झाली. सूचना घरी आली होती, पण बँकेला दिलेला आदेश मात्र जुनाच राहिला, दर 28 तारखेला पैसे कापायचा. जूनची 10 तारीख आली आणि गेली, हप्ता भरला गेला नाही. 22 जूनला त्या गृहस्थांचा अपघात झाला आणि त्यातच ते गेले.

25 जूनला, काउंटर बंद व्हायच्या बेतात, एक तरुण आला. घामाघूम. पॉलिसीचा नंबर चिठ्ठीवर लिहिलेला, पैसे मुठीत. म्हणाला, "दाजी बाहेरगावी गेलेत, त्यांचा हप्ता भरून घ्या." हप्ता कुणीही आणून भरू शकतो, मी यंत्रावर नंबर टाकायला लागलो. तेवढ्यात तो खाली वाकून हळूच म्हणाला, "साहेब, पावतीवर 22च्या आधीची तारीख टाकता येईल का?"

मी पैशांचा गल्ला लावून घेतला. म्हटलं, "बस आधी. काय झालंय ते खरं सांग." तो बसला, आणि मग त्याला बोलताच येईना. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की दहा तारखेचा हप्ता भरलेला नाही म्हणजे पॉलिसी संपली, बहिणीला आता काहीच मिळणार नाही. मागच्या तारखेची पावती मिळवली तर विम्याचे पैसे वाचतील, एवढंच त्याच्या डोक्यात.

मी त्याला कॅलेंडर दाखवलं. देय तारीख 10. महिन्याचा हप्ता, म्हणून सवलतीचे दिवस 15. अकरापासून मोजत गेलो की शेवटचा दिवस येतो 25. दाजी गेले 22ला. म्हणजे त्या दिवशी हप्ता थकलेला होता, पण पॉलिसी चालू होती. हप्ता थकणं आणि पॉलिसी बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, श्रोतेहो. सवलतीच्या दिवसांत जीवन विम्याचं संरक्षण चालूच राहतं, आणि त्या दिवसांत भरलेल्या हप्त्यावर व्याजही लागत नाही. माणूस त्या काळात गेला तर दावा मिळतो, फक्त थकलेली रक्कम त्यातून वजा होते.

मी त्याला पैसे परत खिशात ठेवायला लावले. मृत्यू लपवून हप्ता भरला असता तर पावतीवरची तारीख आणि मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख शेजारीशेजारी आल्या असत्या, आणि जो दावा सरळ होता त्यातच चौकशी सुरू झाली असती. त्याऐवजी मी त्याला दाव्याचा अर्ज दिला आणि बहिणीला, म्हणजे नॉमिनीला, सोबत आणायला सांगितलं.

दावा मंजूर झाला, तेव्हा मात्र तोच तरुण तणतणत आला. "थकला होता एक हप्ता, तुम्ही कापले आठ!" कारण त्या पॉलिसीत अट होती की मृत्यूच्या वेळी पॉलिसीच्या चालू वर्षातले सगळे उरलेले हप्ते वजा करायचे. वर्ष फेब्रुवारीत पालटत होतं, म्हणून जून ते जानेवारी आठ हप्ते, सोळा हजार. सगळ्याच पॉलिसींत असं नसतं, पण ज्यांत असतं त्यांत ते आधीच लिहिलेलं असतं.

आणि खरी खोच पुढे आहे. 28 जूनला बँकेने ठरल्याप्रमाणे दोन हजार कापून पाठवले! बँकेला बातमी कुठे होती? ते पैसे कंपनीकडे नुसते अनामत पडून राहिले, नंतर घरच्यांना परत केले. आता विचार करा, अपघात झालाच नसता तर? सवलत 25ला संपली, पैसे आले 28ला. गृहस्थांना बँकेचा मेसेज गेला असता, हप्ता गेला म्हणून ते निर्धास्त राहिले असते, आणि पॉलिसी मात्र बंद पडलेली. पैसे कापले गेले म्हणजे हप्ता जमा झाला असं नाही. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणतो, पैसे कापले गेले म्हणजे हप्ता जमा झाला असं नाही. हप्त्याची पावती बघा. तिच्यावर "पुढील देय तारीख" अशी एक ओळ असते. ती पुढच्या महिन्याची झाली नसेल, किंवा पावतीच आली नसेल, तर पैसे अडकलेत असं समजून चौकशी करा.

तेव्हा तारीख बदलल्याची सूचना आली की बँकेचा आदेशही बदलायचा. नवा आदेश लागू व्हायला वेळ जातो, तोवरचे हप्ते स्वतः भरायचे. देय तारीख पुढे ढकलली असेल तर मधल्या दिवसांचे जादा पैसे मागितलेत का, तेही सूचनेत वाचा. नाहीतर तेवढीच रक्कम कमी भरली जाते, आणि अपुरा हप्ता जमा धरत नाहीत.

काही मंडळी घड्याळ पाच मिनिटं पुढे लावतात आणि ते पुढे आहे हे लक्षात ठेवून तेवढाच उशीर करतात. सवलतीचा शेवटचा दिवस हीच देय तारीख समजणारे त्यांतलेच. त्यांना काय सांगणार! शेवटच्या दिवशी मोबाइलवर पैसे पाठवताना नेटवर्क गेलं, तर ते कारण कंपनी ऐकत नाही.

दिवस संपून गेले तर पॉलिसी लॅप्स होते आणि संरक्षण तिथेच थांबतं. ती पुन्हा सुरू करता येते, पण थकबाकी व्याजासकट भरावी लागते, प्रकृतीचं निवेदन द्यावं लागतं, कधी वैद्यकीय तपासणीही. मधल्या काळात मधुमेह निघाला असेल तर कंपनी जादा हप्ता मागू शकते, किंवा नकारही देऊ शकते.

जाता जाता एक. हे सगळं जीवन विम्याचं झालं. आरोग्य विमा वर्षाचा एकरकमी असेल, तर नूतनीकरणाच्या सवलतीच्या दिवसांत पॉलिसीचं सातत्य टिकतं, प्रतीक्षेचा काळ नव्याने सुरू होत नाही, पण त्याच दिवसांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर तो खर्च सहसा मिळत नाही. तुमच्याकडे दोन्ही विमे असतील, तर दोन्ही फाइली काढा आणि ग्रेस पिरियडचा परिच्छेद दोन्हींत वेगवेगळा वाचा. नमस्कार.